तीन आठवड्यांत अख्खं सेमिस्टर अॅनाटॉमी: दोन भाषांच्या लेबलांसकट रिव्हिजनचं वेळापत्रक

हे वेळापत्रक बीएससी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरच्या अप्लाइड अॅनाटॉमीसाठी आहे, आणि त्यातही माझ्यासारख्या, म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी. यकृत, स्वादुपिंड, प्लीहा हे शब्द आपल्याला झोपेतही येतात, पण पेपर इंग्रजीत आणि तिथे पॅन्क्रियाज लिहायचं असतं. मी पहिल्या सेमिस्टरला दोन चुका केल्या. आधी सगळ्याच आकृत्यांना दोन्ही भाषांत लेबलं लावत बसले, मग वेळ जातोय म्हणून मराठी एकदम सोडूनच दिलं, आणि इंटर्नलला युरेटरच्या जागी युरेथ्रा लिहून आले. नंतर रूममेटसोबत बसून जे बसवलं ते आता ज्युनिअरना सांगते, तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी हिशोब. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सिलॅबसमध्ये अॅनाटॉमीला ६० तास आणि १० युनिट आहेत. सगळ्यात जास्त, १० तास, हाडं आणि स्नायूंना. त्याखालोखाल ८ तास पहिल्या युनिटला म्हणजे संज्ञा, पेशी, ऊती वगैरे. एंडोक्राइन आणि ज्ञानेंद्रियं प्रत्येकी ४ तासांची. म्हणजे सगळ्या युनिटना सारखे दोन-दोन दिवस वाटले तर ते चुकीचं वाटप होतं. शिवाय एकाच पेपरात फिजिओलॉजीचाही सेक्शन असतो, त्यामुळे दिवसाचे सगळे तास अॅनाटॉमीला मिळणारच नाहीत. मी रोजचे अडीच तास धरलेत, त्यातला सव्वा तास नवीन पानाला, पाऊण तास जुन्या पानांना आणि अर्धा तास रात्री कोऱ्या कागदावर.

लेबल लावायचं कसं

हा भाग नीट वाचा कारण वेळापत्रक कुणीही बनवतं, गाडी अडते ती लेबलांवर.

एका टॉपिकला एक ए-फोर पान. मध्ये आकृती, पेन्सिलने, शेडिंग नाही, फक्त बाह्यरेषा. बाणांच्या टोकाला नाव लिहायचं नाही, नुसता नंबर लिहायचा. मग पानाच्या उजव्या कडेला नंबरवार इंग्रजी नाव काळ्या पेनने, स्पेलिंग पुस्तकात बघून, अंदाजाने नाही. डाव्या कडेला तोच नंबर आणि मराठी शब्द निळ्या पेनने. दोन्ही कडा आत दुमडता आल्या पाहिजेत, म्हणजे कुठलीही एक भाषा झाकून स्वतःची परीक्षा घेता येते. आकृतीतच नावं लिहिली की झाकता येत नाही, आणि नुसतं बघून "येतंय की" असं वाटत राहतं.

मराठी शब्द कुठला लिहायचा याला मी क्रम ठरवलाय. शाळेत शिकलेला शब्द असेल तर तोच. ड्युओडेनम आद्यांत्र, जेजुनम मध्यांत्र, इलियम शेषांत्र, डायफ्रॅम श्वासपटल, थायमस यौवनलोपी. शाळेतला नसेल तर घरातला शब्द चालतो, पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, रिब म्हणजे बरगडी, क्लॅव्हिकल म्हणजे हंसळीचं हाड. आणि दोन्ही नसतील तर मूळ शब्दाचा अर्थ लिहायचा. मनगटात आठ छोटी हाडं आहेत, त्यांच्यासाठी जडजंबाळ संस्कृत शब्द शोधत बसू नका, स्कॅफॉइडपुढे "नावेसारखं", ल्युनेटपुढे "चंद्रासारखं", पिसिफॉर्मपुढे "वाटाण्यासारखं" एवढंच लिहा. कानातली तिन्ही हाडंही तशीच, मॅलियस हातोडी, इन्कस ऐरण, स्टेपिस रिकीब. अर्थ कळला की आकार डोळ्यापुढे येतो आणि इंग्रजी नाव त्याला धरून राहतं.

सगळ्या लेबलांना मराठी लागतच नाही. लिव्हर, किडनी, हार्ट, लंग हे शब्द आता आपल्या घरातही बोलले जातात, त्यांच्या मराठीवर वेळ घालवू नका. मराठी लेबल लागतं ते दोन ठिकाणी. इंग्रजी नाव कानाला परकं असतं तिथे आणि दोन इंग्रजी नावं जुळ्यांसारखी असतात तिथे.

या जुळ्यांची एक वेगळी यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. माझ्या यादीत वर होतं युरेटर आणि युरेथ्रा. युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी, किडनीपासून मूत्राशयापर्यंत, दोन असतात, प्रत्येकी साधारण २५ सेंमी. युरेथ्रा म्हणजे मूत्रमार्ग, मूत्राशयापासून बाहेर, एकच, बाईमध्ये साधारण ४ सेंमी. कॅथेटर जातो तो युरेथ्रामधून. हे एकदा डोक्यात बसलं की घोळ होत नाही, कारण "वाहिनी" दोन आणि "मार्ग" एक. दुसरी जोडी इलियमची. शेषांत्राच्या स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर ई, कमरेच्या हाडाच्या स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर आय. बोलायला दोन्ही सारखंच येतं, त्यामुळे उत्तर ऐकून पाठ केलं तर ही चूक कधी सापडतच नाही, लिहूनच सापडते. तसंच मॅलियस आणि मॅलिओलस, एक कानातली हातोडी आणि एक पायाचा घोटा.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. आपण सगळे रात्री हिंदी व्हिडिओ बघतो, आणि हिंदी-मराठीत काही शब्द सारखे दिसतात पण अर्थ वेगळा असतो. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि मांसपेशी म्हणजे मसल. मराठीत मसलला आपण स्नायू म्हणतो, पण हिंदीत स्नायु हा शब्द नर्व्हसाठीही वापरतात. म्हणजे व्हिडिओ बघून "पेशी" असं लेबल टाकलं तर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही की ही सेल आहे का मसल. डावी कडा फक्त मराठीची ठेवा, हिंदीतून उतरवलेलं काहीही त्यात नको. मराठीतही दोन पिढ्यांचे शब्द आहेत. कर्णिका-जवनिका आणि अलिंद-निलय ही हृदयाच्या कप्प्यांचीच नावं, रोहिणी-नीला आणि धमनी-शिरा या त्याच रक्तवाहिन्या. मोठ्या भावाबहिणीच्या जुन्या पुस्तकातून वाचत असाल तर कुठली जोडी वापरायची ते पहिल्या दिवशीच ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. काळीज हा शब्द तर लेबल म्हणून अजिबात नको, कारण बोलण्यात त्याचा अर्थ हृदयही होतो आणि यकृतही.

पहिला आठवडा

दिवस १ ला अॅनाटॉमिकल पोझिशन, प्लेन, दिशांच्या संज्ञा, पेशी, ऊती. मिडियल म्हणजे मधल्या रेषेकडे, लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूला, प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं, डिस्टल म्हणजे धडापासून लांबचं. या संज्ञा पक्क्या नसतील तर पुढचं प्रत्येक पान अडखळतं, म्हणून हा दिवस पुढे ढकलू नका. दिवस २ ला कवटी, कणा, छातीचा पिंजरा. दिवस ३ ला हातापायाची हाडं आणि सांधे. दिवस ४ ला स्नायू. दिवस ५ ला श्वसनसंस्था, दिवस ६ ला पचनसंस्था. दिवस ७ ला नवीन काही नाही, सहाही पानांची कोऱ्या कागदावर परीक्षा.

हाडं आधी घेतलीत कारण बाकीच्या अवयवांचे पत्ते हाडांवरूनच सांगतात. हृदयाचं टोक डाव्या बाजूच्या पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या जागेत. किडन्या बाराव्या छातीच्या मणक्यापासून तिसऱ्या कमरेच्या मणक्यापर्यंत, उजवी जराशी खाली, कारण वर लिव्हर बसलंय. कणा आधी झाला नसेल तर हे पत्ते नुसते आकडे म्हणून पाठ करावे लागतात.

स्नायूंच्या दिवशी सगळे स्नायू करायला जाऊ नका, सव्वा तासात होतच नाहीत. आपल्याला इंजेक्शनचे स्नायू आधी पाहिजेत. दंडावरचा डेल्टॉइड, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा व्हॅस्टस लॅटरॅलिस जो तान्ह्या बाळांना वापरतात, आणि कुल्ल्यातले ग्लुटिअल स्नायू. तिथेच सायाटिक नर्व्ह कुठून जाते ते त्याच आकृतीत लाल रंगाने दाखवा, कारण कुल्ल्यावर इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा चतुर्थांशच का निवडायचा, या प्रश्नाचं उत्तर त्या एका लाल रेषेत आहे.

जुनी पानं परत कधी बघायची याचं गणित १-३-७ आहे. पान केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग सात दिवसांनी. पानाच्या वरच्या कोपऱ्यात या तीन तारखा त्याच दिवशी लिहून टाका. उदाहरणार्थ दिवस ५ चं श्वसनसंस्थेचं पान दिवस ६, ८ आणि १२ ला येतं. उलट बाजूने बघा, दिवस १२ ला तुमच्यासमोर ११, ९ आणि ५ ही तीनच पानं असतात. कुठल्याही दिवशी तीनपेक्षा जास्त जुनी पानं येत नाहीत, म्हणून पाऊण तास पुरतो, एका पानाला पंधरा मिनिटं. मी आधी "रोज सगळं परत एकदा" असं करत होते, दहाव्या दिवशी दहा पानं झाली आणि नवीन काही वाचायला वेळच उरेना.

दुसरा आठवडा, आणि एक पान पूर्ण करून दाखवते

दिवस ८ हृदय, दिवस ९ रक्तवाहिन्या आणि लिम्फ, दिवस १० किडनी आणि मूत्रसंस्था, दिवस ११ मेंदू, दिवस १२ मेरुरज्जू आणि नर्व्ह, दिवस १३ प्रजननसंस्था, दिवस १४ परत परीक्षा.

हृदयाचं पान घ्या. उभा छेद काढा आणि वर दोन्ही कोपऱ्यांत आधी "पेशंटची उजवी" आणि "पेशंटची डावी" लिहा. आपल्या डाव्या हाताला जे दिसतं ती पेशंटची उजवी. हे न लिहिता सुरुवात केली की अर्धी लेबलं आरशासारखी उलटी पडतात. मग रक्त जसं वाहतं त्याच क्रमाने नंबर टाका, वरून खाली किंवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे नाही. माझे चौदा नंबर असे होते: १ सुपीरियर व्हेना केव्हा, ऊर्ध्व महाशिरा. २ इन्फीरियर व्हेना केव्हा, अधो महाशिरा. ३ राइट एट्रियम, उजवं अलिंद. ४ ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह, त्रिदली झडप. ५ राइट व्हेंट्रिकल, उजवं निलय. ६ पल्मनरी व्हॉल्व्ह. ७ पल्मनरी ट्रंक, फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनी. मग फुप्फुसातून परत, ८ पल्मनरी व्हेन्स, चार असतात. ९ लेफ्ट एट्रियम. १० मायट्रल व्हॉल्व्ह, द्विदली झडप. ११ लेफ्ट व्हेंट्रिकल. १२ एओर्टिक व्हॉल्व्ह. १३ एओर्टा, महाधमनी. १४ दोन निलयांमधला पडदा, सेप्टम. सहा, नऊ, अकरा, बारा यांना मी मराठी लिहिलंच नाही, कारण नऊ-अकरा उजव्या बाजूचं मराठी आलं की आपोआप येतात आणि सहा-बारा आपापल्या वाहिनीच्या नावावरून.

आता तीन फेऱ्या. पहिलीत उजवी कडा उघडी ठेवायची, इंग्रजी नाव वाचायचं आणि आकृतीवर बोट ठेवायचं. दुसरीत दोन्ही कडा दुमडायच्या आणि नुसत्या नंबरांवरून इंग्रजी नाव वेगळ्या कागदावर पूर्ण स्पेलिंगसकट लिहायचं. तिसरीत फक्त मराठी उघडं ठेवून इंग्रजी लिहायचं, म्हणजे त्रिदली वाचलं की ट्रायकस्पिड. उलटं, इंग्रजी वाचून मराठी लिहायची फेरी करायची नाही, ती पेपरात कुणी विचारणार नाही.

तपासताना नुसतं चूक-बरोबर करू नका, चुकीपुढे अक्षर लिहा. "ज" म्हणजे जागा चुकली, "स्प" म्हणजे स्पेलिंग चुकलं, "ना" म्हणजे शब्दच आठवला नाही. माझे पहिल्या दिवशी चौदापैकी नऊ बरोबर आले. ट्रायकस्पिड आणि मायट्रल उलटे पडले, दोन "ज". व्हेंट्रिकल दोन्ही वेळा चुकीचं लिहिलं, दोन "स्प". आणि पल्मनरी व्हेन्सना मी पल्मनरी आर्टरी लिहिलं, त्याला "ज" दिला.

या प्रत्येक चुकीचं औषध वेगळं आहे. "ज" असेल तर ती आकृती परत काढायची, परत वाचून उपयोग नाही. "स्प" असेल तर आकृती काढायची गरज नाही, तो शब्द तोडून लिहायचा आणि रात्रीच्या अर्ध्या तासात पाच वेळा, पण सलग नाही, मध्ये दुसरे शब्द टाकून. "ना" असेल तरच मराठी लेबलकडे जायचं, कारण शब्द आठवत नाही याचा अर्थ त्याला धरायला काही नाहीये, मराठी अर्थ तो आधार देतो. हे वेगळं केलं नाही तर आपण सगळ्याच चुकांवर एकच उपाय करतो, पुस्तक परत वाचतो.

ती पल्मनरीची चूक मात्र जागेची नव्हतीच. रूममेटने पान बघून विचारलं, "अगं, तू आर्टरी का लिहिलंस इथे?" मी म्हटलं, "शुद्ध रक्त आहे ना, मग धमनीच." ती म्हणाली, "शुद्ध-अशुद्ध सोड, हृदयाकडे येतंय का हृदयातून जातंय ते सांग." तिथे कळलं की चूक माझ्या मराठी व्याख्येत होती. धमनी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी असं डोक्यात बसलेलं असतं, पण धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, आत काहीही असो. पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं आणि पल्मनरी व्हेन्समध्ये ऑक्सिजन भरलेलं. म्हणून डाव्या कडेला धमनीपुढे "हृदयातून बाहेर" आणि शिरेपुढे "हृदयाकडे आत" असं लिहून ठेवा. हीच व्याख्या पुढे गर्भाच्या रक्ताभिसरणात लागते, तिथे अंबिलिकल व्हेन ऑक्सिजनवालं रक्त आणते.

मेंदूच्या दिवशी मराठी साधं ठेवलं तरी भागतं. सेरेब्रम मोठा मेंदू, सेरेबेलम लहान मेंदू. शाळेतले प्रमस्तिष्क-अनुमस्तिष्क येत असतील तर ते लिहा, पण नव्याने पाठ करू नका. स्पायनल कॉर्ड म्हणजे मेरुरज्जू आणि व्हर्टिब्रल कॉलम म्हणजे पाठीचा कणा हे दोन मात्र वेगळे ठेवा. प्रौढात मेरुरज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशी संपतो, कणा पुढे माकडहाडापर्यंत जातो, आणि म्हणूनच लंबर पंक्चरची सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून किंवा त्याखालून घालतात.

तिसरा आठवडा

दिवस १५ ला एंडोक्राइन, दिवस १६ ला डोळा, कान आणि त्वचा. हे दोन मुद्दाम शेवटी ठेवलेत, छोटे आहेत आणि उशिरा केले तरी परीक्षेपर्यंत ताजे राहतात. त्यांना सात दिवसांची उजळणी मिळत नाही, १ आणि ३ वरच भागवायचं. दिवस १७ ला फक्त आकृत्या, दहा संस्थांच्या दहा, प्रत्येकी आठ मिनिटं, लेबल फक्त इंग्रजीत. इथून पुढे डावी कडा बंद. पेपरात हात थांबता कामा नये, आणि मराठीतून इंग्रजीत जायला लागणारे दोन सेकंद प्रत्येक लेबलला द्यायला लागले तर वेळ संपतो. एखाद्या लेबलला मराठी उघडून बघावंच लागलं तर तिथे टिंब द्या. ते टिंब म्हणजे तो शब्द अजून इंग्रजीत बसलेला नाही याची खूण.

दिवस १८ ला दोन मोठे प्रश्न घड्याळ लावून लिहा. दिवस १९ ला फक्त टिंबवाले शब्द, "ज" आणि "स्प"च्या चुका आणि शेवटच्या पानावरची जुळी. दिवस २० ला अॅनाटॉमीचा अख्खा सेक्शन दीड तासात, कारण तीन तासांच्या पेपरात दुसरा अर्धा फिजिओलॉजीचा आहे, तो कुणी मागे ठेवू नये.

मध्ये एखादा दिवस बुडाला, ड्यूटी लागली किंवा ताप आला, तर पुढचे सगळे दिवस सरकवू नका. बुडालेलं पान दिवस ७ किंवा १४ ला करा, परीक्षा अर्धीच घ्या. दोनपेक्षा जास्त दिवस बुडाले तर वेस्टिब्युलर भाग, लिम्फ नोड्सची सविस्तर नावं, हातापायाच्या छोट्या स्नायूंची यादी यांना कात्री लावा. हाडं, हृदय, किडनी आणि मेंदू यांना लावू नका, कारण फिजिओलॉजीची उत्तरंही त्यांच्यावरच उभी राहतात.

दिवस २१ ला सकाळी जुळ्यांचं पान एकदा लिहून काढा, दुपारी हृदय, नेफ्रॉन आणि मेंदूचा छेद या तीन आकृत्या कोऱ्या कागदावर, आणि संध्याकाळी पेन्सिली टोकून, खोडरबर आणि पट्टी पाऊचमध्ये टाकून लवकर झोपा.